सगळे स्टॉप एकाच दिवशी लागले तर? पोर्टफोलिओची एकूण जोखीम मोजायची आणि आवरायची कशी

कोल्हापूरच्या ट्रेडरच्या खात्यात साखरेचे शेअर सापडले तर नवल नाही. उसाचा दर, रिकव्हरी, कुठल्या कारखान्याचं गाळप किती झालं, इथेनॉलचं काय चाललंय, हे सगळं आपल्याकडे घराघरांत बोललं जातं. दुसरा ओळखीचा गट वाहनांच्या सुट्या भागांचा. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रींमुळे ऑर्डरी वाढल्या की घटल्या, हे इथे लवकर कानावर येतं. माणूस आपल्याला कळतं तिथेच पैसे घालतो, आणि त्यात गैर काहीच नाही. पण म्हणूनच इथल्या ट्रेडरला प्रत्येक सौद्याची जोखीम स्वतंत्रपणे मोजून भागत नाही. ओळखीचे शेअर बहुधा एकाच कारणावर चढतात आणि एकाच कारणावर पडतात.

7 डिसेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने 2023-24 च्या इथेनॉल वर्षासाठी उसाच्या रसापासून आणि सिरपपासून इथेनॉल बनवायला मनाई केली. आठवडाभराने त्यात थोडी सूट मिळाली, पण तोवर साखर कंपन्यांचे शेअर एकत्रच घसरले होते. कुणाची डिस्टिलरी मोठी, कुणाचं कर्ज कमी, असला फरक बाजाराने त्या घडीला फारसा केला नाही. ज्याच्याकडे तीन साखर शेअर होते आणि ज्याने प्रत्येकात खात्याच्या एक टक्का जोखीम ठेवली होती, त्याच्या वहीत तीन छोटे सौदे होते. बाजाराच्या लेखी मात्र तो तीन टक्के जोखमीचा एकच सौदा होता.

पोर्टफोलिओ हीट म्हणजे आत्ता उघड्या असलेल्या सगळ्या पोझिशनचे स्टॉप एकदम लागले तर खात्यातून किती रक्कम जाईल, याची खात्याच्या आजच्या किमतीशी टक्केवारी. ती कशी काढायची, तिला मर्यादा कशी घालायची आणि ती मर्यादा कुठे फसवते, हे एका उदाहरणावरून पाहू. खातं खरं वाटेल असं आहे, पण हिशेब सोपा राहावा म्हणून आकडे मी बनवलेले आहेत. हे स्टॉप लावून काही दिवस ते काही महिने शेअर धरणाऱ्यांसाठी आहे. म्युच्युअल फंडाची एसआयपी किंवा दहा वर्षांसाठी घेतलेले शेअर यात धरू नका. ते शक्यतो वेगळ्या डिमॅटमध्येच ठेवा, म्हणजे दोन्हींची सरमिसळ होत नाही.

आधी तक्ता

खात्याची आजची किंमत 10 लाख रुपये आहे. यात शेअरची बाजारभावाने किंमत आणि शिल्लक रोकड दोन्ही आली. नियम ठरलेला आहे की सौदा घेताना एका सौद्यात एक टक्क्यापेक्षा, म्हणजे 10,000 रुपयांपेक्षा जास्त धोका घ्यायचा नाही.

साखरेचा पहिला शेअर 400 रुपयांना, 500 नग, स्टॉप 380. दुसरा 150 ला, 1,000 नग, स्टॉप 140. तिसरा 600 ला, 250 नग, स्टॉप 560. तिन्हींचे भाव अजून खरेदीच्या आसपासच आहेत. चौथा शेअर वाहनांच्या सुट्या भागांचा: 1,000 रुपयांना 200 नग, स्टॉप 950, आणि आज भाव 1,200 वर पोचलाय. पाचवी एक बँक: 800 ला 200 नग, स्टॉप 760. शेअरची बाजारभावाने किंमत 9 लाख आणि रोकड 1 लाख.

सौदा घेतानाचा धोका पाहिला तर पहिल्या चारांत प्रत्येकी 10,000 आणि बँकेत 8,000, म्हणजे एकूण 48,000. नियम कुठेच मोडलेला नाही. एकेका सौद्याकडे पाहणारा माणूस इथे निर्धास्त होतो आणि उरलेल्या एक लाखाचं काय घ्यावं, याचा विचार करू लागतो.

आता हेच शीटमध्ये भरू. A मध्ये शेअरचं नाव, B मध्ये गट, C मध्ये नग, D मध्ये खरेदी भाव, E मध्ये आजचा भाव आणि F मध्ये स्टॉप. G मध्ये स्टॉप लागला तर जाणारी रक्कम आणि H मध्ये भाव दहा टक्के खाली उघडला तर जाणारी रक्कम; H चं काम पुढे येईल. K1 या खान्यात खात्याची आजची एकूण किंमत.

```
G2:    =IF(E2<=F2, C2*E2, (E2-F2)*C2)
H2:    =C2*E2*10%
एकूण:  =SUM(G2:G20)/$K$1
गट:    =SUMIF(B2:B20,"साखर",G2:G20)/$K$1
```

G च्या सूत्रातला पहिला भाग मुद्दाम तसा ठेवलाय. भाव स्टॉपच्या खाली गेला आणि तुम्ही विकलंच नाही, तर साधी वजाबाकी उणे उत्तर देते आणि एकूण जोखीम उलट कमी दाखवते. म्हणजे सगळ्यात धोक्याची पोझिशन शीटमध्ये सगळ्यात सुरक्षित दिसते. वरच्या सूत्रात असं झालं की त्या शेअरची पूर्ण किंमत जोखीम म्हणून धरली जाते. F रिकामा ठेवला तरी तेच होतं. "हा आता लाँग टर्मसाठी ठेवू" असं म्हणत स्टॉप काढून टाकला की एकूण आकडा पंधरा-वीस टक्क्यांनी उडी मारतो, आणि तो तसा दिसलाच पाहिजे.

खरेदी भावापासून की आजच्या भावापासून?

यावर जाणत्यांचंही एकमत नाही. काहींचं म्हणणं, आपलं मुद्दल किती जाईल तेवढंच मोजा, झालेला नफा परत गेला तर तो बाजाराचाच पैसा होता. मला हे पटत नाही. खात्याची आजची किंमत 10 लाख म्हणताना आपण तो नफा धरलेला असतो. मग जोखीम काढताना तो वगळला तर भागाकाराच्या वर एक माप आणि खाली दुसरं, असं होतं. उद्या सगळे स्टॉप लागले तर 10 लाखांचे किती उरतील, हा आपला प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर आजच्या भावापासून मोजल्यावरच मिळतं.

तसं मोजलं की वाहन-भागांचा शेअर लगेच नजरेत भरतो. भाव 1,200, स्टॉप अजून 950, फरक 250, नग 200, म्हणजे 50,000 रुपये. एकट्या त्या शेअरमध्ये खात्याच्या पाच टक्के रक्कम उघडी आहे. साखरेचे 30,000 आणि बँकेचे 8,000 मिळवले की एकूण 88,000, म्हणजे 8.8 टक्के. खरेदीपासून 4.8 दाखवणारं खातं प्रत्यक्षात जवळपास दुप्पट तापलेलं होतं, आणि ते तापलं कुठल्याही नव्या सौद्यामुळे नाही. चांगल्या सौद्याचा स्टॉप मागे राहिला, एवढंच.

तेजीत हे फार होतं. सगळे शेअर वर जातात, स्टॉप जागच्या जागी राहतात, खातं फुगलेलं दिसतं आणि हीट रोज थोडी थोडी चढते. जून 2024 ची सुरुवात आठवा. 3 तारखेला एक्झिट पोलनंतर निफ्टी एका दिवसात तीन टक्क्यांहून जास्त वाढला आणि 4 तारखेला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, जवळपास सहा टक्के पडला. 3 तारखेच्या संध्याकाळी ज्याने आजच्या भावापासून मोजलं असेल, त्याला आपली जोखीम एका दिवसात किती वाढली ते दिसलं असेल. खरेदीपासून मोजणाऱ्याला मात्र काहीच बदललेलं दिसलं नसणार.

मर्यादा किती ठेवायची

मी एकूण सहा टक्के आणि एका गटाला दोन टक्के, अशा मर्यादा सुचवेन. हे काही आकाशातून पडलेले आकडे नाहीत. सहा टक्के सलग तीनदा गेले तर खातं साधारण 17 टक्के खाली येतं आणि ते भरून काढायला उरलेल्या रकमेवर 20 टक्के कमवावे लागतात. जमण्यासारखं आहे. दहा टक्के तीनदा गेले तर 27 टक्के जातात आणि परत यायला 37 टक्के लागतात. नोकरी-धंदा सांभाळून ट्रेडिंग करणाऱ्याला तो डोंगर चढणं अवघड असतं, आणि घाईने चढायला जाऊन तो अजून मोठे सौदे घेतो. नवशिक्याने चार टक्क्यांवर थांबलं तरी काही बिघडत नाही.

गटाची वेगळी मर्यादा हवीच, आणि ही रचना जुनी आहे. 1980 च्या दशकात अमेरिकेत रिचर्ड डेनिसने तयार केलेल्या "टर्टल" ट्रेडरांना एका बाजारात जास्तीत जास्त 4 युनिट, म्हणजे ठरलेल्या मापाच्या चार पोझिशन, एकमेकांशी घट्ट जोडलेल्या बाजारांत मिळून 6, सैल जोडलेल्यांत 10 आणि एका दिशेला एकूण 12, अशी शिडी घालून दिली होती. त्यांची एकूण जोखीम आपल्याला झेपणार नाही इतकी मोठी असायची, त्यामुळे त्यांचे आकडे उचलू नका. शिडी मात्र उचलण्यासारखी आहे.

गट पाडताना एक्स्चेंजच्या सेक्टर यादीवर विसंबू नका. एकच विचारा: कुठली एक बातमी या दोन्ही शेअरना खाली नेईल? इथेनॉलचा आदेश, साखर निर्यातीवर निर्बंध, पाऊस कमी होण्याचा अंदाज, यांतल्या कुठल्याही बातमीने तीन साखर कंपन्या एकत्र हलतात, म्हणून त्या एक गट. कारखान्यांना यंत्रसामग्री आणि डिस्टिलरीचे प्लांट पुरवणारी कंपनी यादीत भांडवली मालात बसते, पण इथेनॉलच्या बातमीला तीही हलते. तिला साखरेतच टाका. ट्रॅक्टरची कंपनी आणि ट्रॅक्टरसाठी कास्टिंग बनवणारी कंपनी हाही एकच गट.

कोल्हापूरच्या माणसाने इथे आणखी एक गोष्ट धरावी. तुमचा पगार फौंड्रीतून येत असेल किंवा घरचा ऊस कारखान्याला जात असेल, तर त्या गटात तुमची जोखीम खात्याबाहेरही आहे. मंदी आली की ओव्हरटाइम बंद होतो, उसाचं बिल लांबतं, आणि त्याच सुमारास शेअरही पडलेले असतात. अशा गटाची मर्यादा मी दोनवरून एक टक्क्यावर आणेन. आपल्याला त्यातलं जास्त कळतं हे खरं आहे, पण त्या माहितीने बातमीचा धक्का कमी होत नाही.

8.8 वरून खाली कसं यायचं

आधी मागे राहिलेले स्टॉप बघा, कारण तिथे काहीही न विकता जोखीम कमी होते. वाहन-भागांच्या शेअरने वर जाताना 1,130 च्या आसपास थांबून पुन्हा उसळी घेतली होती, असं धरू. स्टॉप 1,120 वर आणला की फरक 80 रुपये आणि जोखीम 16,000. एकूण 54,000, म्हणजे 5.4 टक्के. पण स्टॉप सरकवायला चार्टवर जागा हवी. फक्त आकडा बसावा म्हणून तो भावाच्या अगदी खाली चिकटवला तर दुसऱ्याच दिवशीच्या साध्या हालचालीत चांगला शेअर हातचा जातो. जागा नसेल तर नग कमी करा. निम्मे नग विकले की जोखीमही निम्मी होते.

मग गट. साखरेत तीन टक्के आहेत आणि मर्यादा दोन. तिन्ही शेअर एक तृतीयांशने कमी करता येतील किंवा एक पूर्ण काढता येईल. मी एक पूर्ण काढेन, तोही सगळ्यात कमजोर चाललेला. तिन्ही थोडे थोडे ठेवण्यात विविधता काहीच नाही, नुसतं लक्ष ठेवण्याचं काम तिप्पट होतं. तिसरा शेअर 600 ला विकला की साखर 20,000 वर, म्हणजे दोन टक्क्यांवर येते आणि एकूण हीट 44,000, म्हणजे 4.4 टक्के.

आता सहा टक्क्यांपर्यंत 1.6 टक्क्यांची जागा उरली. समजा नवीन शेअर आवडला: भाव 500, स्टॉप 480, नगामागे 20 रुपये जोखीम. तो औषध कंपनीचा असेल तर पूर्ण एक टक्का घेता येईल. 10,000 भागिले 20, म्हणजे 500 नग. पण तो वाहन-भागांचाच असेल तर त्या गटात आधीचे 1.6 टक्के आहेत, उरली जागा फक्त 0.4 टक्के, म्हणजे 4,000 रुपये. मग 200 नगच घ्यायचे. एका सौद्याची मर्यादा, गटात उरलेली जागा आणि एकूण उरलेली जागा, या तिन्हींत जी सगळ्यात लहान असेल तिच्यावर नग ठरतात. रोकड किती शिल्लक आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

लावून ठेवलेल्या खरेदीच्या ऑर्डरी हीटमध्ये धरायला बरेच जण विसरतात. तीन शेअरवर ब्रेकआउटचे जीटीटी लावले आहेत, त्यांतला एखादाच लागेल असं मनात असतं. पण बाजार जोरात उघडला की तिन्ही एकाच सकाळी लागतात आणि तुम्ही कामावर असता. म्हणून ऑर्डर लावतानाच ती खरेदी झाली असं समजून शीटमध्ये वेगळी ओळ घाला. तीन ऑर्डरींची मिळून जागा नसेल तर तीन लावू नका.

स्टॉपवर विकलं गेलंच नाही तर

इथवरच्या सगळ्या हिशेबात एक गृहीत आहे: स्टॉपच्या भावाला विक्री होईल. बातमी बाजार बंद असताना आली तर ते खरं ठरत नाही. दुसऱ्या दिवशी शेअर स्टॉपच्या खूप खाली उघडतो आणि मिळेल त्या भावाला निघावं लागतं. बहुतेक ब्रोकरांच्या जीटीटीमध्ये तर स्टॉप लागल्यावर लिमिट ऑर्डर जाते. भाव लिमिटच्याही खाली उघडला तर ऑर्डर नुसती पडून राहते आणि तुम्ही अजून शेअर धरूनच असता. साधी स्टॉप लॉस ऑर्डर त्याच दिवसापुरती असते, हेही काही जण विसरतात.

शीटमधला H रकाना याच्यासाठी आहे. मूळच्या तीन साखर शेअरची किंमत होती 5 लाख. ते सगळे दहा टक्के खाली उघडले तर नुकसान 50,000. हीटने सांगितलं होतं 30,000. आणि इथे स्टॉप किती जवळ होता याने काहीच फरक पडत नाही, किती रुपयांचा माल होता याने पडतो. जवळचा स्टॉप लावला की त्याच एक टक्का जोखमीत नग जास्त बसतात, माल मोठा होतो आणि असा धक्का बसला की तोटाही मोठा होतो. दुसऱ्या शेअरचा स्टॉप 140 ऐवजी 145 वर लावला असता तर नियमात 2,000 नग बसले असते, म्हणजे 3 लाखांचा माल. हीट तेवढीच, दहा टक्क्यांच्या धक्क्यात तोटा दुप्पट. म्हणून एका गटाची H मधली बेरीज खात्याच्या चार टक्क्यांपेक्षा जास्त होऊ देऊ नका. तिसरा शेअर काढल्यावर साखरेत 3.5 लाखांचा माल उरला, दहा टक्के म्हणजे 35,000, मर्यादेत.

लहान कंपन्यांत प्रकरण आणखी कठीण होतं. पाच टक्क्यांचं सर्किट असलेला शेअर सलग तीन दिवस लोअर सर्किटला बंद झाला तर 14 टक्क्यांहून जास्त पडतो, आणि त्या तीन दिवसांत घेणारा कुणी नसतो. अशा शेअरची जोखीम स्टॉपपर्यंतच्या अंतराने न मोजता सरळ किमतीच्या 15 टक्के धरा. मग नग आपोआप कमी बसतात.

शीट खोटं बोलत असेल तर कसं कळतं

रोज साडेतीननंतर भाव भरले की खात्यात दिवसभरात किती टक्के फरक पडला तोही शेजारी लिहून ठेवा. महिन्या-दोन महिन्यांत चित्र दिसू लागतं. निफ्टी एक टक्का पडलेल्या साध्या दिवशी तुमच्या एकूण हीटच्या निम्मी रक्कम गेली असेल, तर तुम्ही वेगवेगळे समजलेले गट वेगवेगळे नाहीत. त्या दिवशी कोणकोणते शेअर एकत्र पडले ते बघून B रकान्यातली नावं बदला. दुसरी खूण म्हणजे स्टॉप लागल्यावर झालेला प्रत्यक्ष तोटा आणि शीटमधली जोखीम यांतला फरक. तो वारंवार वीस-पंचवीस टक्के जास्त येत असेल तर शेअरची उलाढाल कमी आहे किंवा ऑर्डर चुकीची लावली जाते. ते दुरुस्त होईपर्यंत G मधला आकडा सव्वापट करून धरा.

एक मर्यादा मान्य करून चालायला हवं. मोठ्या घसरणीत सगळेच गट एक होतात. 23 मार्च 2020 ला निफ्टी जवळपास 13 टक्के पडला, सकाळीच लोअर सर्किट लागून व्यवहार 45 मिनिटं थांबले, आणि त्या दिवशी बँक, साखर, वाहनं असा भेद उरला नाही. उदाहरणातल्या खात्यात आता 7.5 लाखांचा माल आहे. सरसकट 13 टक्के गेले तर 97,500 रुपये, हीटच्या दुपटीहून जास्त. हीटची मर्यादा असा दिवस टाळू शकत नाही. त्याला उपाय एकच, मालाची एकूण किंमत. अर्थसंकल्प किंवा निवडणुकीचा निकाल असलेल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी H ची एकूण बेरीजही पाहा, आणि ती झेपणार नसेल तर बाजार सुरू असतानाच नग कमी करा.

स्टॉप लागून तोटा झाला की K1 लगेच बदला. 10 लाखांचे 9.6 लाख झाले तर सहा टक्के म्हणजे आता 57,600, आणि एका सौद्याचे 9,600. मोकळी झालेली जागा त्याच दिवशी भरायची गरज नाही. साखरेचे दोन्ही स्टॉप लागले असतील तर निदान आठवडाभर त्या गटात नवीन ओळ घालू नका. आदेशामागून दुरुस्ती, स्पष्टीकरण, अफवा येतच राहतात आणि भाव दोन्ही बाजूंना झटके देत राहतो.